घशात गोळा, पण घास सहज उतरतो: हे नेमकं काय असतं?

घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. आवंढा गिळला की ते तिथेच असल्याची खात्री पटते. खाकरून काही सुटत नाही, पाणी पिऊन काही खाली जात नाही. मग जेवायला बसावं, तर वरण-भात, पोळी, भाजी सगळं विनासायास उतरतं आणि जेवताना त्या गोळ्याची आठवणही होत नाही. ताट उचलल्यावर थोड्या वेळाने तो परत हजर.

हे महिनोन्‌महिने चालतं. माणूस रात्री मोबाइलवर शोधत बसतो आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीत कॅन्सर हा शब्द भेटतो. तिथून पुढे घशाकडे लक्ष दुप्पट लागतं.

वैद्यकशास्त्रात या तक्रारीला ग्लोबस म्हणतात. ती दुर्मीळ अजिबात नाही. १९८२ साली ब्रिटनमध्ये धडधाकट माणसांना विचारलं गेलं, तेव्हा जवळपास निम्म्यांनी असा गोळा आयुष्यात कधी ना कधी अनुभवल्याचं सांगितलं. कान-नाक-घसा विभागात नव्याने येणाऱ्या शंभर रुग्णांपैकी साधारण चार जण हीच तक्रार घेऊन येतात. या लेखाचा मुद्दा एकच आहे: घास सहज उतरणं आणि आवंढा अडकल्यासारखा वाटणं यात विसंगती नाही. उलट दुखणं बहुधा निरुपद्रवी असल्याची तीच सर्वांत मोठी खूण आहे. हे कसं, ते समजायला आधी घशाच्या तळाशी काय आहे ते पाहू.

## घशाच्या तळाशी एक नाडी आहे

कंठमण्यावर हलकेच बोट ठेवा आणि आवंढा गिळा. कंठमणी वर सरकतो आणि परत खाली येतो. त्याच्या थोडं खाली, स्वरयंत्राच्या मागच्या बाजूला, घसा संपतो आणि अन्ननलिका सुरू होते. या सांध्यावर तीन-चार सेंटिमीटर लांबीचा, स्नायूंनी आवळून धरलेला एक पट्टा आहे. आजीच्या बटव्याचं तोंड नाडी ओढून बंद केलेलं असतं, तसं अन्ननलिकेचं तोंड इथे बंद असतं. एरवी ते बंदच असायला हवं. ते उघडं राहिलं तर प्रत्येक श्वासाबरोबर हवा पोटात जाईल आणि पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत उतरेल.

गिळताना दोन गोष्टी एकदम होतात. नाडीचा स्नायू सैल पडतो आणि त्याच क्षणी स्वरयंत्र वर आणि पुढे उचललं जातं. त्या ओढीने बटव्याचं तोंड उघडतं. ते उघडं राहतं जेमतेम अर्धा ते एक सेकंद. तेवढ्यात घास पार होतो, स्वरयंत्र खाली येतं आणि नाडी पुन्हा आवळली जाते. ज्या जागेकडे बोट दाखवून लोक ‘इथे गोळा आहे’ म्हणतात, ती बहुतेक वेळा हीच असते: कंठमणी आणि त्याखालची छातीच्या हाडावरची खाच यांच्या दरम्यान, मधोमध.

## आवंढ्याला त्रास आणि घासाला नाही, असं का?

एक प्रयोग आत्ताच करून बघा. पाणी न पिता, काही न खाता, सलग पाच आवंढे गिळा. पहिले दोन सहज जातील. तिसऱ्याला जोर लावावा लागेल. चौथ्या-पाचव्याला घसा अडल्यासारखा होईल, काही जणांना ‘इथे काहीतरी आहे’ असं स्पष्ट जाणवेल. हे कुणाच्याही घशात होतं. आता एक घोट पाणी प्या. त्या पाण्याबरोबर ती जाणीव निघून जाते.

नाडीचं तोंड किती मोठं आणि किती वेळ उघडायचं हे वरून काय येतंय त्यावर ठरतं. मोठा घोट किंवा भरपूर चावलेला घास आला की तोंड रुंद उघडतं आणि जास्त वेळ उघडं राहतं. आवंढ्यात लाळ असते एखादा मिलिलिटर, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आवंढ्यापर्यंत तीही संपते. मग तोंड जेमतेम किलकिलं होतं, आतल्या ओलसर भिंती एकमेकींना घासतात आणि रिकाम्या नाडीवर सगळा जोर पडतो. मेंदूपर्यंत खबर जाते ती अशी की काहीतरी अडलंय. प्रत्यक्षात अडायला तिथे काहीच नसतं.

घशाच्या पोकळीत खरोखरीचा मांसल गोळा असता, तर हिशेब उलटा झाला असता. लाळ पातळ असते, ती कुठल्याही फटीतून निसटून जाते. आधी अडली असती ती भाकरी. सुरुवातीला कोरडे घास, मग मऊ भात, मग पेज आणि शेवटी पाणी, असा खऱ्या अडथळ्याचा क्रम असतो. ज्याला भाकरी जाते आणि आवंढा जात नाही, त्याच्या बाबतीत वाट बंद नाही. वाटेवरच्या जाणिवेत गडबड आहे.

पण गोळा आहे असं वाटलं की माणूस स्वाभाविकपणे काय करतो? तपासायला पुन्हा आवंढा गिळतो. मग पुन्हा. म्हणजे वरचा प्रयोग तो दिवसभर नकळत करत राहतो. जागेपणी एरवी मिनिटाला साधारण एक आवंढा पुरतो. ग्लोबसचा त्रास असलेली माणसं बोलता बोलता, टीव्ही बघता बघता त्याहून कितीतरी जास्त गिळतात. प्रत्येक वेळी थोडी हवा पोटात जाते, त्याने ढेकर वाढतात, ढेकरेबरोबर आंबट पाणी वर येतं, आणि घसा आणखी कुरकुरतो.

## नाडी जास्त आवळते कशामुळे?

पहिलं कारण ॲसिडचं. अन्ननलिकेत खालून काही वर येऊ लागलं की नाडी आपोआप घट्ट होते, कारण ते श्वासनलिकेपर्यंत पोचू न देणं हे तिचं काम आहे. यासाठी छातीत जळजळ व्हायलाच हवी असं नाही. शिवाय अन्ननलिकेच्या खालच्या भागातली जाणीव पुष्कळदा घशातच उमटते, कारण या सगळ्या पट्ट्याची खबर नेणाऱ्या मज्जातंतूंच्या वाटा सामाईक आहेत. स्वयंसेवकांच्या अन्ननलिकेत छोटा फुगा फुगवून केलेल्या प्रयोगांत काहींना गोळा जाणवला तो घशात, फुग्याच्या जागी नाही.

दुसरं कारण ताणाचं. परीक्षेआधी किंवा वाईट बातमी ऐकल्यावर घसा आवळतो हे सगळ्यांनाच माहीत आहे. मोजमापातही ते दिसतं: मनावर ताण आला की नाडीचा दाब वाढतो, आणि तो ग्लोबस असलेल्यांचाही वाढतो, नसलेल्यांचाही. झोपेत हा दाब बराच उतरतो.

तिसरं कारण खाकरण्याचं, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. खाकरताना स्वरयंत्राचे दोन पडदे एकमेकांवर जोरात आपटतात. दिवसातून शंभरदा हे झालं की तिथली नाजूक त्वचा सुजते. सुजलेली त्वचा कफ जास्त बनवते आणि काहीतरी चिकटल्यासारखं वाटतं. मग ते काढायला पुन्हा खाकरणं आलं. सर्दी-खोकला होऊन गेल्यावर सुरू झालेला गोळा महिनोन्‌महिने टिकतो तो कित्येकदा या सवयीपायी.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ग्लोबसच्या रुग्णांचा नाडीदाब यंत्राने मोजला, तर बऱ्याच जणांचा तो चारचौघांसारखाच निघतो. म्हणून नाडी घट्ट होणं ही पूर्ण गोष्ट नाही. काही जणांमध्ये नाडी नेहमीइतकीच आवळलेली असते, पण घशाची जाणीव तीव्र झालेली असते. जे एरवी मेंदूने बाजूला सारलं असतं, ते त्यांना सतत कळत राहतं.

## ‘घास अडकत नाही’ हे कसं ठरवायचं?

सगळी मदार या एका उत्तरावर आहे, आणि उत्तर देताना माणसं स्वतःच फसतात. खरा अडथळा हळूहळू वाढतो, आणि माणूस त्याच्याशी जुळवून घेत जातो. त्यामुळे ‘जेवण जातं ना नीट?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणं पुरेसं नाही. विचारायचं ते असं:

भाकरी हल्ली आमटीत कुस्करूनच खाल्ली जाते का? उकडलेल्या अंड्याचा बलक, सुके पोहे, चपातीची कड, पेरूची फोड हे टाळलं जातंय का? प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट लागतो का? घरातल्या सगळ्यांचं जेवण उरकतं आणि एकटं तुमचंच ताट राहतं, असं गेल्या काही महिन्यांत होऊ लागलंय का? बरोबर जेवणाऱ्या माणसालाही हे विचारा, त्याच्या लक्षात लवकर येतं.

यातलं एकही उत्तर ‘हो’ असेल, तर हा लेख तुमच्या तक्रारीबद्दल नाही. घास अडकत असेल तर, तो अगदी अधूनमधून अडकत असला तरी, पोटविकार तज्ज्ञांकडे जाऊन दुर्बिणीने अन्ननलिका तपासून घ्यायला हवी. आणि घास घशाशी अडकल्यासारखा वाटला तरी अडथळा तिथेच असेल असं नाही. तो छातीत, अगदी पोटाजवळही असू शकतो.

यात एक गट वेगळा सांगायला हवा. अंगात लोह खूप कमी असलेल्या, फिकट पडलेल्या, जिभेची आग होणाऱ्या बायकांना कोरडा घास घशाशी अडू लागला, तर ते ग्लोबस समजून सोडून देऊ नये. लोहाच्या दीर्घ कमतरतेत अन्ननलिकेच्या तोंडाशी पातळ पडदा तयार होऊ शकतो, आणि पुढे त्या भागात कॅन्सरचा धोका वाढतो. रक्ताची साधी तपासणी आणि दुर्बीण यांनी हे वेळेत कळतं.

माशाच्या काट्याची गोष्टही निराळी. काटा रुतला तर तो क्षण आठवतो: जेवताना टोचलं, एका बाजूला टोचलं आणि गिळताना दुखतंय. काटा निघून गेल्यावरही ओरखडा दोन-तीन दिवस बोचत राहतो. पण दुखणं वाढत गेलं, ताप आला किंवा लाळ गिळवेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. भाताचे गोळे गिळून काटा खाली ढकलू नये, तो आणखी खोल रुततो.

## पण कॅन्सर असला तर?

ही भीती रास्त आहे आणि तिला नुसतं ‘काही नाही हो’ म्हणून उडवून लावणं चुकीचं आहे. ग्लोबसच्या ७४ रुग्णांचा सरासरी सात वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा करून १९९५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांच्यापैकी एकालाही घशाचा किंवा अन्ननलिकेचा कॅन्सर झालेला आढळला नाही, आणि सुमारे ६० टक्क्यांचा त्रास गेला किंवा कमी झाला होता. ही माणसं नीट तपासून घेतलेली होती, हे मात्र विसरायचं नाही.

घशाचा कॅन्सर स्वतःची वेगळी चिन्हं घेऊन येतो. दुखणं एकाच बाजूला आणि रोज त्याच जागी असतं. ग्लोबस कधी वर, कधी खाली सरकतो, काही दिवस गायब होतो, कॅन्सर तसं करत नाही. त्याच बाजूच्या कानात कळ जाते, आणि कान तपासला तर तो स्वच्छ असतो. आवाज बसतो आणि तीन आठवड्यांनंतरही सुटत नाही. मानेत गाठ हाताला लागते. थुंकीत रक्त दिसतं. प्रयत्न न करता वजन उतरतं. पाणी पिताना वारंवार ठसका लागतो. यातलं काहीही असेल तर थांबू नये.

तंबाखूबद्दल तर जास्तच स्पष्ट बोललं पाहिजे. बिडी-सिगारेट, तंबाखू-चुना, मिश्री, गुटखा किंवा रोजची दारू यांपैकी काही असेल, तर वरची कुठलीही खूण नसतानाही घशात सतत काही वाटत असल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने घसा बघून घ्यावा. स्वरयंत्राच्या मागच्या कोपऱ्यात वाढणारा कॅन्सर सुरुवातीला ‘काहीतरी टोचतंय, अडकतंय’ एवढंच सांगतो. चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच हा त्रास सुरू झाला असेल, तर तंबाखू नसली तरी एकदा तपासून घेणं शहाणपणाचं.

## तपासणीत होतं काय?

आधी डॉक्टर मान चाचपतात, थायरॉइड बघताना आवंढा गिळायला लावतात, तोंड आणि टाळा बघतात. जिभेच्या मुळावर बोट दाबून बघितलं तर तो चांगला डॉक्टर समजा, कारण तिथली गाठ डोळ्याला दिसण्याआधी बोटाला लागते.

मग दुर्बीण. दोन प्रकार आहेत. एकात जीभ कापसाच्या पट्टीने धरून पुढे ओढतात आणि तोंडातून ताठ दुर्बीण घालून ‘ईऽऽ’ म्हणायला सांगतात. दुसऱ्यात नाकात बधिर करणारा फवारा मारून तीन-चार मिलिमीटर जाडीची लवचीक दुर्बीण नाकातून घशात उतरवतात. नाकातून जाताना दाब वाटतो, डोळ्यात पाणी येतं, पण दुखत नाही. काही मिनिटांत तपासणी संपते आणि भूल लागत नाही. मध्येच गाल फुगवायला सांगतात, कारण त्याने स्वरयंत्राच्या बाजूचे एरवी मिटलेले कोपरे उघडतात. फवाऱ्याने घसा बधिर झालेला असतो, म्हणून नंतर तासभर काही खायचं-प्यायचं नाही, नाहीतर ठसका लागून घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.

या दुर्बिणीला अन्ननलिका दिसत नाही. पण घास व्यवस्थित उतरत असेल, धोक्याची खूण नसेल आणि घसा स्वच्छ दिसला, तर बहुतेकांना पुढची तपासणी लागत नाही.

जास्त तपासण्या करून फायदा होतोच असं नाही. मानेची सोनोग्राफी केली तर थायरॉइडमध्ये छोट्या गाठी निघणं फार सामान्य आहे. काही मिलिमीटरच्या गाठीने गोळा वाटत नाही. पण अहवाल हातात आला की माणसाला कारण सापडल्यासारखं वाटतं आणि त्या गाठीमागे सुया, पुन्हा सोनोग्राफी, काळजी असा प्रवास सुरू होतो. मोठी, हाताला लागणारी, श्वासनलिकेला टेकलेली गाठ असेल तर गोष्ट वेगळी. मानेच्या एक्स-रेत मणक्यांची झीज दिसली तरी तेच: चाळिशीपुढे ती अनेकांना असते, आणि तिचा गोळ्याशी क्वचितच संबंध असतो.

## म्हणजे हे सगळं मनाचे खेळ?

नाही. या गैरसमजाला मोठा इतिहास आहे. कित्येक शतकं या गोळ्याचं नावच हिस्टेरियाशी जोडलेलं होतं आणि तो बायकांचा आजार मानला जात होता. १९६८ साली ब्रिटिश तज्ज्ञ माल्कमसन यांनी दाखवलं की यातल्या बहुतेक रुग्णांत हिस्टेरियाची काही लक्षणं नसतात, आणि त्यांनी नावातला तो शब्द काढून टाकला. पाहणीत बायका आणि पुरुष दोघांनाही हा अनुभव सारखाच येतो. डॉक्टरकडे बायका जास्त जातात, एवढाच फरक.

ताणाने त्रास वाढतो हे खरं. तो तर दम्याचाही वाढतो आणि रक्तदाबाचाही. गोळ्याची जाणीव खऱ्या स्नायूत आणि खऱ्या मज्जातंतूंत होते. रुग्णाला ‘तुम्हाला उगाच वाटतंय’ असं सांगणं अन्यायाचं आहे, आणि निरुपयोगीही, कारण त्यानंतर माणूस दुसरा डॉक्टर शोधतो.

## ॲसिडिटीची गोळी घेतली की जाईल?

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल अशा गोळ्या सर्रास दिल्या जातात. छातीत जळजळ, करपट ढेकर, आडवं पडल्यावर घशाशी येणारं आंबट पाणी अशा तक्रारी सोबत असतील, तर त्या घेऊन बघणं योग्य आहे. नाश्त्याच्या आधी अर्धा तास घ्यायच्या, जेवणानंतर नाही. चार ते आठ आठवड्यांत फरक दिसायला हवा.

पण नुसता घशाचा त्रास असेल तर? ब्रिटनमध्ये ३४६ जणांवर झालेल्या चाचणीत अर्ध्या लोकांना लान्सोप्राझोल ३० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सोळा आठवडे दिलं आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी निव्वळ नावाची गोळी. २०२१ साली निकाल आला: दोन्ही गटांचा त्रास कमी झाला, आणि तो जवळपास सारखाच झाला. औषधाचा वेगळा फायदा दिसला नाही. म्हणून आठ आठवड्यांत उपयोग झाला नाही तर डोस दुप्पट करून वर्षानुवर्षं चालवण्यात अर्थ नाही, डॉक्टरांशी बोलून ती थांबवावी.

स्वतःच्या मनाने घेतलेल्या दुसऱ्या एका औषधाने तर त्रास वाढतो. ‘ॲलर्जी असेल’ म्हणून सर्दीच्या गोळ्या रोज घेतल्या जातात. त्यातल्या बऱ्याच तोंड कोरडं पाडतात, लाळ घट्ट होते, आणि आवंढा आणखी अडतो.

## मग करायचं काय?

ओपीडीत नेहमी दिसणारं एक चित्र घेऊ. ४२ वर्षांच्या शिक्षिका. चार महिन्यांपूर्वी खोकला झाला, तो गेला, पण गोळा राहिला. जागा मधोमध. शाळा सुटल्यावर आणि संध्याकाळी जास्त, रविवारी कमी. दशमी, चिवडा, सगळं खाता येतं. वजन तेच, आवाज ठीक, तंबाखू नाही. शाळेत पाणी पिणं होत नाही, कारण स्वच्छतागृहाची गैरसोय. रात्रीचं जेवण साडेदहाला आणि अकराला झोप. दोन वेळा प्रतिजैविकं झाली, गुळण्या झाल्या, उपयोग शून्य. समोर बसून बोलताना दर मिनिटाला त्या खाकरतात, आणि हे त्यांच्या लक्षातही येत नाही. दुर्बिणीत स्वरयंत्राच्या मागे थोडी लाली दिसते, बाकी घसा स्वच्छ आहे.

पहिला उपचार म्हणजे दुर्बिणीचं चित्र त्यांना पडद्यावर दाखवणं आणि गोळा का वाटतो हे समजावणं. याने बऱ्याच जणांचा त्रास तिथेच निम्मा होतो, कारण सतत तपासून बघण्याची गरज संपते.

दुसरं, खाकरणं आणि कोरडे आवंढे बंद करणं. नुसतं ‘करू नका’ म्हणून हे जमत नाही, त्याच्या जागी दुसरं काही द्यावं लागतं. पाण्याची बाटली टेबलावर ठेवायची. खाकरावंसं वाटलं की एक छोटा घोट घ्यायचा, हनुवटी किंचित खाली करून गिळायचा. पाणी हाताशी नसेल तर तोंड बंद ठेवून नाकाने श्वास घ्यायचा आणि ‘हऽऽ’ असा आवाज न करता हळू सोडायचा. ती ऊर्मी बहुधा अर्ध्या मिनिटात ओसरते. पहिले दोन आठवडे कठीण जातात. चुकून खाकरलं गेलं तरी हरकत नाही, पुढच्या वेळी घोट घ्यायचा. घरच्या एका माणसाला टोकायला सांगितलं तर सवय लवकर सुटते.

तिसरं, घसा सैल करणं. दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येकी दोन मिनिटं. मोठी जांभई द्यायची आणि तिच्या शेवटी आवाजासह उसासा सोडायचा. जांभईत स्वरयंत्र खाली उतरतं आणि घसा रुंद होतो. मग काहीतरी चघळत असल्यासारखा जबडा सैल हलवायचा आणि मान हळू दोन्ही बाजूंना वळवायची. शिक्षिकांनी हे मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर केलं तर उत्तम, कारण त्यांचा गोळा तेव्हाच वाढतो. सहा आठवड्यांत फरक नसेल तर वाचा-उपचार तज्ज्ञांकडे पाठवता येतं. ते हेच नीट शिकवतात.

चौथं, रात्रीचं. जेवण आणि झोप यांत तीन तास. साडेदहाचं जेवण आठवर आणणं जमत नसेल, तर साडेसातला थोडं पोटभरीचं खायचं आणि उशिरा फक्त हलकं. सकाळी तोंड आंबट होत असेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून तो पंधरा-वीस सेंटिमीटर उचलायचा. उशा वाढवून उपयोग होत नाही, त्याने पोट दुमडतं आणि उलट दाब वाढतो. जेवणानंतर आणि झोपताना अल्जिनेटचं पातळ औषध दहा-वीस मिलिलिटर घेता येतं. ते पोटातल्या अन्नावर तवंगासारखं तरंगतं आणि आंबट पाणी वर येऊ देत नाही.

एवढं करूनही गोळा रोजचं जगणं अवघड करत असेल, झोप उडाली असेल किंवा काळजीने घेरलं असेल, तर मज्जातंतूंची संवेदनशीलता कमी करणारी औषधं अगदी कमी मात्रेत दिली जातात, ॲमिट्रिप्टिलिन त्यातलं एक. ते नैराश्यावर वापरतात त्यापेक्षा खूप कमी डोसमध्ये रात्री देतात. त्याने तोंड कोरडं पडतं, म्हणून पाण्याचा नियम सोडायचा नाही, आणि हे औषध स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही.

## परत कधी दाखवायचं?

गोळा काही महिने येत-जात राहू शकतो. परीक्षांच्या दिवसांत, आजारपणात, घरात काही वाईट घडल्यावर तो परत येतो. तो पूर्वीसारखाच असेल, मधोमध, जेवताना गायब, तर पुन्हा दुर्बिणीची गरज नाही. पुन्हा तपासायचं ते त्याचं वागणं बदललं तर: एका बाजूला स्थिरावला, गिळताना दुखू लागलं, आवाज तीन आठवडे बसून राहिला, मानेत गाठ लागली किंवा भाकरी आमटीत कुस्करावी लागू लागली. असं काही झालं तर आधीचा ‘सगळं ठीक’ म्हणणारा अहवाल बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठायचं, आणि आता काय बदललंय हे त्यांना पहिल्याच वाक्यात सांगायचं.